दोन मशीनच्या शॉपनं अनोळखी खरेदी इंजिनिअरला काय लिहावं?

प्रश्न: भोसरीत आमचं छोटं व्हीएमसी शॉप आहे, दोन मशीन, वडिलांनी सुरू केलेलं. मोठ्या ग्राहकाचं काम निम्म्यावर आल्यापासून दोन महिन्यांत जवळजवळ दीडशे कंपन्यांना ईमेल आणि व्हॉट्सॲप केले. मजकूर असा असतो: "आदरणीय सर, आम्ही १९९९ पासून सर्व प्रकारची मशीनिंगची कामं उत्तम क्वालिटीत, वेळेत आणि वाजवी दरात करतो. सोबतची कंपनी प्रोफाइल आणि मशीन लिस्ट पाहावी, एकदा युनिटला भेट द्यावी, आपली एनक्वायरी पाठवावी आणि व्हेंडर म्हणून नोंद करून सेवेची संधी द्यावी." एकाचंही धड उत्तर आलं नाही. नेमकं काय लिहायला हवं?

उत्तर:

मी १६ वर्षं यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांच्या खरेदी विभागात काम केलं, त्यातली शेवटची सात वर्षं नवे व्हेंडर शोधून उभे करण्याचं. आता तुमच्यासारख्या छोट्या शॉपना काम मिळवायला मदत करते. म्हणजे असे मेसेज मी आधी वर्षानुवर्षं वाचले आणि आता लिहून देते. तुमच्या मजकुरात खोटं काही नाही, भाषाही नीट आहे. अडचण अशी की तो वाचल्यावर वाचणाऱ्याला त्याचं करायचं काय हेच कळत नाही.

आधी पलीकडच्या टेबलावर काय चाललेलं असतं ते सांगते. सकाळचे साडेनऊ वाजलेत. असेंब्लीचा सुपरवायझर "ती बेस प्लेट कधी येतेय?" म्हणत समोर उभा आहे. काल आलेल्या ४० नगांपैकी सहा नगांचे टॅप तिरके निघालेत, म्हणून क्वालिटीवाल्यांनी लॉट अडवलाय. डिझाइनवाल्यांनी रात्री एक ड्रॉइंग बदललंय आणि जुन्या ड्रॉइंगवर काम सुरू झालंय. एवढ्यात फोनवर अनोळखी मेल येतो. त्याचा विषय आणि पहिली ओळ वाचली जाते, तीही उभ्याउभ्या. त्या वेळी डोक्यात एकच प्रश्न असतो: हा माणूस माझ्या कुठल्या कामाचा?

त्या प्रश्नाला "सर्व प्रकारची मशीनिंगची कामं" हे उत्तर होत नाही. खरेदी विभाग व्हेंडर कसे लक्षात ठेवतो ते बघा. मोठं टर्निंग असेल तर अमुक, पातळ शीटचं काम तमुक, दोन-चार नगांचं तातडीचं मिलिंग असेल तर आणखी कुणी. प्रोसेस, साइज, मटेरियल आणि नगांची संख्या, एवढ्यावर प्रत्येकाचा कप्पा ठरलेला असतो. सगळं करणारा माणूस कुठल्याच कप्प्यात बसत नाही आणि जो बसत नाही तो गरज पडेल तेव्हा आठवत नाही.

मला अजून आठवतो तो एका ग्राइंडिंगवाल्याचा मेसेज. चार ओळींचा होता. सिलिंड्रिकल ग्राइंडिंग, ६०० मिमी लांबीपर्यंत, एक-दोन नगही घेतो, सकाळी दिलं तर संध्याकाळी परत. तुमच्याकडे असं काम कधी अडतं का? मी त्या दिवशी "हो, अडतं" एवढंच लिहिलं आणि नंबर सेव्ह करून ठेवला. नावापुढे "ग्राइंडिंग तातडी" असं टाकलं. पाच आठवड्यांनी एका शाफ्टमुळे असेंब्ली थांबली, तेव्हा पहिला फोन त्याला गेला. त्याचं गुणवत्ता प्रमाणपत्र मी पाहिलं ते त्यानंतर, आणि शॉप तर तीन महिन्यांनी.

आता तुमच्या मागणीकडे येते, कारण खरा घोळ तिथे आहे. तुम्हाला वाटतं तुम्ही एक संधी मागताय. प्रत्यक्षात तुमच्या मजकुरात चार मागण्या आहेत: प्रोफाइल पाहा, भेट द्या, एनक्वायरी पाठवा, नोंदणी करा. या सगळ्या मागण्या एकाच माणसाच्या हातात नसतात. भेटीला जायचं तर बहुतेक कंपन्यांत क्वालिटीचा माणूस सोबत लागतो आणि दोघांचा दिवस जुळावा लागतो. नोंदणी म्हणजे जीएसटीचे कागद, पॅन, उद्यम नोंदणी, रद्द केलेला चेक, ते सगळं अकाउंट्सकडे, आणि वर साहेबांची सही. एनक्वायरी खरेदीवाला स्वतः पाठवू शकतो, पण कुठल्या पार्टची पाठवू? तुम्ही तर काहीच बोलला नाहीत. प्रोफाइल चाळणं सोडलं तर यातली एकही गोष्ट त्या क्षणी, एकट्यानं, बसल्या जागी होत नाही. मग माणूस "नंतर बघू" म्हणतो आणि तो मेल पुन्हा कधीच उघडला जात नाही.

म्हणून मागणी ठरवताना मी एकच कसोटी लावते. ज्याला लिहितोय त्याला दुसऱ्या कुणालाही न विचारता, दोन मिनिटांत, फोनवरूनच ती पुरी करता येईल का? येत असेल तर ती मागणी ठेवायची. नसेल तर ती कितीही रास्त असली तरी पहिल्या मेसेजमध्ये घालायची नाही. आणि अशी एकच ठेवायची.

हे प्रत्यक्ष कसं होतं ते एका उदाहरणातून सांगते. भोसरीतलंच एक शॉप, तुमच्यासारखंच, तीन ऑपरेटर आणि मालक. एका मशीनला बऱ्यापैकी लोड होता, दुसरं आठवड्यातले तीन दिवस रिकामं. आम्ही दीडशे नावांची यादी बाजूला ठेवली आणि त्यांचं शॉप खरोखर कशात चांगलं आहे ते लिहून काढलं. ॲल्युमिनियमच्या प्लेट आणि ब्रॅकेट, मध्यम साइज, थोडे नग. मोठ्या लॉटमध्ये ते मार खात होते, कारण हजार नगांचं काम ज्याच्याकडे आठ मशीन आणि बसवलेली फिक्श्चर आहेत त्याला स्वस्तात पडतं. उलट दोन-पाच-दहा नगांचं काम मोठ्या शॉपला नको असतं. सेटिंगलाच निम्मा वेळ जातो. मालक स्वतः मशीनवर उभा राहतो त्या शॉपसाठी हाच कप्पा मोकळा असतो.

थोड्या नगांची गरज कुणाला असते? एसपीएम बनवणाऱ्यांना, म्हणजे एका विशिष्ट कामासाठी एकेक यंत्र बांधून देणाऱ्या कंपन्यांना. त्यांचं प्रत्येक मशीन वेगळं, त्यामुळे पार्ट शंभर प्रकारचे आणि प्रत्येकाचे नग मोजके. चाकणच्या अशाच एका मध्यम कंपनीकडे आम्ही बघितलं. त्यांच्या वेबसाइटवरच्या मशीनच्या फोटोंत सेन्सर बसवायच्या प्लेट, सिलिंडरचे ब्रॅकेट, गाइड असं बरंच ॲल्युमिनियम दिसत होतं. शिवाय दोन महिन्यांत तीनदा त्यांनी व्हीएमसी ऑपरेटरची जाहिरात दिली होती. म्हणजे त्यांचं घरचं मशीन पुरेसं चालत नसावं. हा अंदाज होता, म्हणून तो मेसेजमध्ये घातला नाही. "तुमच्याकडे ऑपरेटर नाहीत असं कळलं" हे अनोळखी माणसाकडून कुणालाही ऐकायला आवडत नाही. फोटोंत दिसलं ते मात्र उघड होतं, म्हणून तेवढंच घेतलं.

मग त्यांच्या बोर्डच्या नंबरवर फोन करून विचारलं, "मशीनिंगच्या पार्टची खरेदी कोण बघतं?" रिसेप्शनवरून नाव मिळालं, एक मॅडम होत्या. हे विचारण्यात संकोच करू नका. माझ्या टेबलावर येणाऱ्या मेसेजपैकी बहुतेक "आदरणीय सर" असेच असायचे, आणि मनात पहिलं यायचं ते हेच की यानं हा मेसेज कुणालाही पाठवलाय.

शेवटी गेलेला मेल असा होता:

विषय: ॲल्युमिनियम प्लेट-ब्रॅकेट, २ ते ५० नग, भोसरी

(आडनाव) मॅडम, नमस्कार.

तुमच्या असेंब्ली मशीनच्या फोटोंत ॲल्युमिनियमच्या बऱ्याच प्लेट आणि ब्रॅकेट दिसले. आम्ही भोसरीत तेच काम करतो: ७०० × ४०० मिमीपर्यंत, २ ते ५० नग, मशीनिंग साधारण ६ दिवसांत. ग्राइंडिंग आणि हीट ट्रीटमेंट आमच्याकडे होत नाही.

सध्या तारखेत अडकलेल्या एखाद्या पार्टचं ड्रॉइंग पाठवाल का? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत रेट आणि पक्की तारीख कळवतो.

(नाव), (शॉपचं नाव), भोसरी एमआयडीसी, (मोबाइल)

एवढंच. फोनच्या पडद्यावर न सरकवता जवळजवळ पूर्ण दिसतं. कंपन्यांत ईमेल बहुधा इंग्रजीत जातो, तर तिथेही हाच क्रम ठेवा. माणूस मराठी आहे हे माहीत असेल तर मराठीत लिहायला अजिबात बिचकू नका.

आता यातली एकेक गोष्ट का आहे ते. विषयात "व्यवसायाची संधी" किंवा "कंपनी परिचय" नाही, पार्टचं नाव आहे. फोनवर विषयाची सुरुवातच दिसते, शेपूट कापलं जातं, म्हणून मटेरियल आणि पार्ट आधी, गाव शेवटी. सहा महिन्यांनी मॅडमनी मेलमध्ये "ब्रॅकेट" असं शोधलं तरी हा मेल सापडतो. हा फायदा लहान वाटतो, पण मी स्वतः कितीतरी व्हेंडर असेच शोधून काढलेत.

ग्राइंडिंग होत नाही हे वाक्य मालकांना पटत नव्हतं. "आपणच आपलं कमी का सांगायचं?" असं त्यांचं म्हणणं. पण खरेदीवाल्याला सगळ्यात मोठी भीती असते ती "हो हो, करतो" म्हणून घेतलेलं आणि चार दिवसांनी "हे बाहेर द्यावं लागेल" म्हणून अडलेलं काम. जो आधीच आपली हद्द सांगतो, त्याच्या उरलेल्या वाक्यांवर विश्वास बसतो. शिवाय नको ती ड्रॉइंग येत नाहीत, त्यात तुमचाही वेळ वाचतो.

"अडकलेल्या एखाद्या पार्टचं" हे शब्द सगळ्यात विचार करून घातले. "आपली एनक्वायरी पाठवा" म्हटलं की वाचणाऱ्याला निवड करावी लागते, आणि निवड म्हणजे काम. "अडकलेला पार्ट" म्हटलं की डोळ्यासमोर लगेच एक पार्ट येतो, तोच ज्याच्यासाठी सकाळी सुपरवायझर टेबलाशी उभा होता. ड्रॉइंग बहुधा फोनमध्ये असतंच, कारण त्याच पार्टसाठी चालू व्हेंडरशी भांडण चाललेलं असतं. ते पुढे पाठवायला मिनिटभर लागतं आणि नुकसान काही नाही. एकच पार्ट मागितल्यामुळे चालू व्हेंडरला काढून टाकण्याचा प्रश्नही उभा राहत नाही.

त्याच्या मागचं "दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५" ही दुसरी मागणी नाही, ते तुमच्याकडचं देणं आहे. मागणी केली की लगेच त्या बदल्यात काय मिळेल आणि कधी मिळेल ते सांगायचं. "लवकरात लवकर" लिहू नका. खरेदी विभागात त्या शब्दांना काही किंमत उरलेली नाही. वेळ लिहिली की ती पाळली का हे तपासता येतं. तुमच्याबद्दलची पहिली परीक्षा तिथेच होते.

मालकांनी पहिल्या खर्ड्यात आणखी एक ओळ जोडली होती: "किंवा एकदा भेटायला येऊ का?" ती मी काढायला लावली. दोन पर्याय दिले की माणूस त्यातला पुढे ढकलता येणारा निवडतो. "पुढच्या आठवड्यात या, बघू" असं उत्तर येतं, ते ड्रॉइंगलाही लागू होतं आणि पुढचा आठवडा येत नाही. दुसरी काढलेली ओळ मशीन-अवर रेटची. पार्टला किती वेळ लागेल हे माहीत नसताना ताशी रेटवरून काहीच ठरत नाही. चांगल्या टूलनं ४० मिनिटांत होणारा जॉब जादा रेटनंही स्वस्त पडतो. पण रेट दिसला की तुमची गाठ थेट सगळ्यात स्वस्त माणसाशी पडते. शॉप कधी सुरू झालं ते सालही काढलं. तुमच्या मजकुरातलं १९९९ तुमच्यासाठी वडिलांच्या कष्टाचं आहे, हे मला कळतं. ते पहिल्या भेटीत चहा पिताना जरूर सांगा. अनोळखी मेलमध्ये ती जागा त्या साठ-सत्तर शब्दांपैकी आहे आणि तिथे साइज, नग आणि दिवस जास्त कामाचे.

इथे एक इशारा. हीच मागणी मोठ्या वाहन कंपनीला किंवा तिच्या मोठ्या पुरवठादाराला केली तर चुकेल. तिथला खरेदी इंजिनिअर नोंदणी नसलेल्या माणसाला ड्रॉइंग पाठवू शकत नाही; आधी गोपनीयतेचा करार लागतो आणि तो त्याच्या हातात नसतो. म्हणजे आपली कसोटी मोडली. त्यानं उत्तर दिलं नाही तर तो उद्धट नाही, तुम्ही त्याला न जमणारं मागितलंय. तिथे मागणी आणखी लहान करावी लागते.

अशा ठिकाणी मी नमुन्याचा मार्ग वापरते. पण दुसऱ्या ग्राहकाचा पार्ट नमुना म्हणून कधीही दाखवू नका. समोरचा हसून बघेल आणि मनात म्हणेल, उद्या हा आमचाही पार्ट असाच फिरवेल. स्वतःचा नमुना बनवा. ६०६१ ॲल्युमिनियमचा १५० × १०० × ४० मिमीचा ठोकळा, त्यात एक खोल पॉकेट, त्याची एक भिंत दीड मिमी, एक २० एच७ बोअर, चार एम६ टॅप. पातळ भिंत आणि बोअर यांतच शॉपची लायकी दिसते. तो बाहेरच्या लॅबकडून सीएमएमवर मोजून घ्या आणि अहवालाचा एक कागद सोबत ठेवा. मग मेसेजमधली मागणी अशी होते: "मंगळवारी डिलिव्हरीसाठी चाकणला येतोय. आमचा एक नमुना पार्ट आणि त्याचा सीएमएम अहवाल तुमच्या नावानं गेटवर ठेवून जाऊ का?" याला "ठेवा" म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही, भेटायला खालीही यावं लागत नाही. पार्ट टेबलावर पडून राहतो, येणारे-जाणारे तो हातात घेऊन बघतात. डिझाइनचा माणूस नख लावून फिनिश बघतो. त्या पार्टवर शॉपचं नाव आणि नंबर कोरलेला असू द्या.

पाठवण्याबद्दल थोडक्यात. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तेव्हा गुरुवार टाळा आणि शुक्रवारची सकाळही, कारण तेव्हा साचलेलं उपसणं चालू असतं. महिन्याचा शेवटचा आठवडाही टाळा. डिस्पॅचची घाई असते. पहिल्या मेलला काहीही जोडू नका. अनोळखी पत्त्यावरून आलेली जड फाइल कंपनीचा सर्व्हर अनेकदा अडवतो, आणि नाही अडवली तरी अनोळखी जोडपत्र उघडू नका असंच लोकांना शिकवलेलं असतं. व्हॉट्सॲपवर एकच मजकूर शंभर जणांना ढकलणं तर पूर्ण बंद करा. लोक रिपोर्ट करतात, नंबरवर बंधनं येतात, आणि तोच नंबर तुमच्या चालू ग्राहकांकडे असतो. व्हॉट्सॲप ओळख झाल्यावर, ड्रॉइंग मागवायला उत्तम आहे.

उत्तर नाही आलं तर सहा-सात दिवसांनी एकदाच पुन्हा लिहा, त्याच मेलला जोडून, म्हणजे खाली पहिला मजकूर दिसतो. "माझा मेल पाहिला का?" असं विचारू नका, तो वाचणाऱ्याला टोचतो. त्याऐवजी एक नवी, खरी गोष्ट सांगा आणि मागणी तीच ठेवा: "येत्या सोमवारपासून आमचं एक मशीन चार दिवस मोकळं आहे. अडकलेला एखादा पार्ट असेल तर ड्रॉइंग पाठवाल का?" मशीन खरंच मोकळं असेल तरच हे लिहा; ड्रॉइंग आलं आणि तुम्ही "आता लोड आहे" म्हणालात तर ते दार कायमचं बंद. यानंतरही उत्तर नसेल तर तीन महिने थांबा.

त्या शॉपनं महिनाभरात अशा ११ कंपन्यांना लिहिलं, प्रत्येकासाठी अर्धा-पाऊण तास आधी बघण्यात घालवून. दोघांनी "नको" कळवलं, एकानं नंबर ठेवून घेतला, आणि चाकणच्या मॅडमनी दुसऱ्या मेलनंतर ड्रॉइंग पाठवलं. बाकीचे गप्प राहिले. यावरून हिशोब बांधू नका, दुसऱ्या शॉपला आकडे वेगळे येतील. पण "नको" म्हणणारे दोघे मला फार मोलाचे वाटतात. एकानं लिहिलं होतं, "आमचे सगळे पार्ट स्टीलचे आणि हार्ड केलेले." म्हणजे त्यानं मेसेज वाचला, कप्पा तपासला आणि आपण बसत नाही हे सांगितलं. दीडशे मेसेजमध्ये तुम्हाला असं एकही उत्तर आलं नाही, यावरून तो मजकूर नाकारण्याइतकाही कुणाला स्पष्ट वाटला नाही असं मी म्हणेन.

आलेलं ड्रॉइंग होतं ३२० × १८० × २५ मिमीच्या प्लेटचं, १२ नग. दोन २० एच७ बोअर, सहा एम८ टॅप, सपाटपणा ०.०५, वर काळं ॲनोडायझिंग. पहिलं ड्रॉइंग बहुधा असंच असतं: त्यात कुठेतरी एक खोच असते, ज्यामुळे आधीचा व्हेंडर अडलेला असतो. मालक लगेच रेट काढायला बसले. मी म्हटलं, आधी बोअर बघा. २० एच७ म्हणजे व्यास २०.००० ते २०.०२१. ॲनोडायझिंगचा थर जितका जाड, त्याचा साधारण अर्धा भाग मूळ पृष्ठभागाच्या बाहेर वाढतो. थर १५ मायक्रॉनचा धरला तर बोअरच्या दोन्ही बाजूंनी मिळून व्यास सुमारे १५ मायक्रॉननं कमी होतो. मशीनवर २०.०१० चा निघालेला चांगला बोअर ॲनोडायझिंग करून आला की गेजमध्ये बसत नाही. आधीच्या व्हेंडरचा लॉट नेमका याच कारणानं परत गेला असावा, असं मला वाटलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी चार वाजता गेलेलं उत्तरही तसंच लहान होतं, आणि त्यातही एकच प्रश्न होता:

"मॅडम, १२ नगांचा रेट खाली दिला आहे. मशीनिंग ६ दिवस, ॲनोडायझिंगचे ३ दिवस वेगळे. ते बाहेर करून घेतो. एकच विचारायचं आहे: २० एच७ हे माप ॲनोडायझिंगच्या आधीचं धरायचं की नंतरचं? नंतरचं असेल तर बोअर झाकून पाठवू, त्याचा खर्च रेटमध्ये धरला आहे."

त्यांनी तासाभरात फोन केला. मेल नाही, फोन. रेटबद्दल पहिली पाच मिनिटं त्या बोलल्याच नाहीत. बोअरबद्दल बोलल्या आणि मग मालकांना म्हणाल्या, आणखी दोन पार्ट असेच अडलेत, तेही बघता का. रेटवर नंतर घासाघीस झालीच, थोडं सोडावं लागलं.

ड्रॉइंगमध्ये न जमणारं माप असेल, तेही याच उत्तरात सांगायचं. "सपाटपणा ०.०२ आमच्याकडे ग्राइंडिंगशिवाय भरवशानं येणार नाही, ०.०५ पर्यंत देऊ" असं लिहिलं तर काम कदाचित जाईल, पण नंबर राहील. गप्प बसून घेतलं आणि लॉट परत आला तर वाहतूक, मटेरियल आणि नाव तिन्ही तुमच्या खात्यातून जातात.

तुमच्या दीडशे नावांची यादी फेकून देऊ नका. आधीचा मजकूर बहुतेकांनी उघडलाच नसेल, त्यामुळे त्यांच्याकडे तुमचं नाव खराब झालेलं नाही. त्यातून तुम्ही करता तसे पार्ट ज्यांच्या मशीनमध्ये डोळ्यांनी दिसतात अशा दहा कंपन्या आधी निवडा. तुमच्या दोन मशीनचा टेबल साइज आणि नेमकं कुठलं काम तुम्ही सगळ्यात चांगलं करता ते इथे लिहिलंत, तर पहिल्या मेलची दुसरी आणि तिसरी ओळ मी तुमच्याबरोबर बसवून देते.